नौपाड्यातल्या आजींचा पहिला व्हिडिओ कॉल : प्रकल्प नोंदी

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

आजी ७८ वर्षांच्या, ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू न्यू जर्सीत. साधा फोन आजींना नीट येतो: कळ दाबायची, कानाला लावायचा, बोलायचं. मुलाने मागच्या खेपेला त्याचा जुना अँड्रॉइड फोन घरी ठेवला आहे, त्यात आजींचं सिम आणि व्हॉट्सअ‍ॅप आहे. फोन बहुतेक वेळ कपाटात बंद असतो. घरात वायफाय आहे.

काम एवढंच: रविवार २६ ऑक्टोबरला संध्याकाळी मुलांचा व्हिडिओ कॉल येईल, तो आजींनी स्वतः उचलायचा आणि मुलांशी बोलायचं. आपण शेजारच्या खोलीत असू, पण फोनला हात लावणार नाही.

पहिला निर्णय आजच घेतला. आजी कॉल लावणार नाहीत, फक्त उचलणार. लावायचं म्हटलं की फोन उघडा, अ‍ॅप शोधा, नाव शोधा, कॅमेऱ्याचं चित्र दाबा, आणि यातली एकही पायरी चुकली की फोन भलत्याच ठिकाणी जातो. उचलायला हालचाल एकच लागते. शिकवणारे उत्साहाच्या भरात दोन्ही एकदम शिकवतात आणि तिसऱ्या दिवशी म्हातारं माणूस म्हणतं, "राहू दे, मला नाही जमायचं." कॉल लावणं पुढच्या महिन्यात बघू.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज आजींना काही शिकवलं नाही, फोनच तयार केला. मुलाला न्यू जर्सीहून एक चाचणी कॉल करायला सांगितलं. त्याने दोनदा केला आणि इथे फोन वाजलाच नाही. कारणं तीन निघाली, एकावर एक बसलेली.

पहिलं म्हणजे, कॉल सुनेच्या नंबरावरून आला होता, कारण मुलं तिच्याच फोनवरून बोलणार आहेत. आजींच्या फोनमध्ये तो नंबर नुसता दहा आकडी साठवलेला होता, पुढे `+1` नव्हतं. देशाचा कोड नसला तर व्हॉट्सअ‍ॅप तो नंबर आणि येणारा कॉल यांची सांगड घालू शकत नाही आणि ओळखीचा माणूस अनोळखी ठरतो. दुसरं म्हणजे, व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये Privacy, मग Calls, तिथे `Silence unknown callers` चालू होतं. फसवणुकीच्या कॉलच्या भीतीने मुलानेच ते लावलं होतं आणि ते बरोबरच आहे. पण ते चालू असलं की अनोळखी नंबराचा कॉल वाजत नाही, फक्त कॉलच्या यादीत दिसतो. यादी पाहिली तर सुनेचे दोन्ही कॉल तिथे निमूट बसलेले. सेटिंग तसंच चालू ठेवलं, नंबर `+1` लावून पुन्हा साठवला आणि लगेच रिंग आली. एकटं राहणाऱ्या माणसाच्या फोनवर हे सेटिंग बंद करू नये, नंबर दुरुस्त करावा.

तिसरं कारण अर्ध्या तासाने सापडलं. फोन बराच वेळ न हलवता ठेवला की कॉल उशिरा वाजायचा किंवा वाजायचाच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये Apps, WhatsApp, Battery इथे `Restricted` होतं, ते `Unrestricted` केलं. एक पान मागे, WhatsApp च्या मुख्य पानावर `Pause app activity if unused` होतं, तेही बंद केलं. फोन महिनोन्महिने कपाटात राहिला की हे दुसरं सेटिंग अ‍ॅपला दिलेल्या परवानग्या काढून घेतं. इथे तेच झालं होतं, कॅमेरा आणि माइक दोन्हींची परवानगी गेलेली. मुलाबरोबर एक खरा व्हिडिओ कॉल करून दोन्ही परवानग्या आपणच देऊन टाकल्या. हे आधी केलं नसतं तर आजींनी कॉल उचलताच परवानगीची इंग्रजी पाटी मधे आली असती, आणि पहिल्या कॉलला तीच सगळ्यात घात करते. माणूस घाबरून ‘नको’ दाबतो, मग पलीकडे काळा पडदा दिसतो आणि का ते कुणालाच कळत नाही.

रिंगचा आवाज पूर्ण वाढवला. कॉलमधल्या आवाजाची पातळी वेगळी असते आणि ती कॉल चालू असतानाच बाजूच्या बटणाने वाढते, म्हणून तीही त्याच कॉलमध्ये वाढवून ठेवली. फोनचा पिन काढला नाही. येणारा कॉल उचलायला पिन लागत नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

हिरवं बटण. आजचा सगळा दिवस यातच गेला, आणि जावा असंच हे आहे.

खाली वाहनतळात उभं राहून आजींना दहा कॉल केले. त्याच खोलीतून सराव घेऊ नये. दोन फोन जवळ आले की एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून शिट्टी वाजते आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच काही बिघडलं. वर आजींच्या शेजारी एक जण बसून नुसतं पाहत होता. दहापैकी तीन कॉल उचलले गेले.

चूक आजींची नव्हती. एकाच कॉलचे दोन वेगळे चेहरे असतात. फोन बंद पडद्याने पडून असेल तर कॉल पूर्ण पडदाभर येतो आणि हिरवं गोल बटण बोटाने वर सरकवावं लागतं, नुसतं दाबून चालत नाही. फोन उघडा असेल, म्हणजे कुणी त्यात काही बघत असेल, तर वरच्या कडेला छोटी पट्टी येते आणि तिच्यावरचं बटण नुसतं दाबायचं असतं. आजींना आधी कुणीतरी ‘हिरवं दाब’ असं शिकवलं होतं. त्या बंद पडद्यावर प्रामाणिकपणे हिरवं दाबत होत्या, फोन वाजतच होता, आणि त्या विचारत होत्या, "अरे, दाबतेय ना मी?"

दोन्ही चेहरे शिकवण्यापेक्षा एक काढूनच टाकला. नियम असा: कॉलच्या दहा मिनिटं आधी फोन स्टँडवर ठेवायचा, बाजूचं बटण दाबून पडदा काळा करायचा, आणि नंतर त्याला कुणीही हात लावायचा नाही, मदतनिसानेसुद्धा नाही. मग दर वेळी पूर्ण पडद्याचाच कॉल येतो आणि हालचाल एकच राहते.

ती हालचाल सांगायलाही शब्द शोधावा लागला. ‘स्वाइप’ हा शब्द आजींच्या कामाचा नाही. ‘सरकवा’ म्हटलं तर त्या बाजूला सरकवायच्या. शेवटी सांगितलं, "आजी, देवाला गंध ओढता ना, खालून वर? हिरव्या टिकलीवर बोट ठेवा आणि तसंच ओढा." पुढच्या पाच कॉलपैकी चार उचलले. रोज पहाटे देवघरात होणारी हालचाल बोटात आधीपासूनच होती.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

पाचवा कॉल का चुकत होता ते आज कळलं. बोट कोरडं. पडदा बोटातून वाहणारी सूक्ष्म वीज ओळखतो, आणि वयाने त्वचा कोरडी झाली की कधी कधी त्याला स्पर्शच कळत नाही. मग माणूस जास्त जोर लावतो, पण जोराचा इथे काही उपयोग नाही. आजींच्या उजव्या हाताची तर्जनी भाजी चिरून चिरून टोकाला खरखरीत झाली आहे, मधलं बोट मऊ आहे. मधल्या बोटाने दहापैकी नऊ कॉल उचलले. शिवाय ओला करून पिळलेला रुमाल वाटीत ठेवला आहे, कॉलच्या आधी बोटाचं टोक त्याला लावायचं. ठिबकतं ओलं बोट नको, त्याने पडदा भलतीकडेच स्पर्श धरतो. फोनच्या काचेवरचा जुना, कडेने उचललेला प्लास्टिकचा कागदही काढून टाकला.

शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

जागा आणि उजेड. आजींची नेहमीची खुर्ची गॅलरीच्या दाराला पाठ करून असते. तिथे बसून कॉल केला तर मुलांना आजींची काळी आकृती दिसते, कारण कॅमेरा मागच्या उजेडावर बेतून चेहरा अंधारात टाकतो. खुर्ची फिरवली. आता तोंड दाराकडे, पाठ भिंतीकडे. मात्र कॉल सहा वाजता आहे आणि ऑक्टोबरच्या शेवटी ठाण्यात त्याच सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे बोलता बोलता अंधार पडणार. म्हणून पाऊणे सहालाच ट्यूबलाइट लावायची. ती आजींच्या समोरच्या भिंतीवर आहे, हे नशीब.

राम मारुती रोडवरून साधा प्लास्टिकचा स्टँड आणला होता. त्यात फोन उभा ठेवला आणि आजींचा आवाज पलीकडे रजईतून आल्यासारखा येऊ लागला. कारण शोधायला पाच मिनिटं लागली: स्टँडची खालची पट्टी फोनच्या तळाशी असलेल्या माइकवर आणि स्पीकरवर बरोबर बसत होती. बऱ्याच फोनना ही भोकं तळालाच असतात. पट्टीवर दोन्ही टोकांना बाटलीच्या बुचाचा एकेक तुकडा चिकटवला, मधे मोकळी फट राहिली आणि आवाज सुटला. चार्जरची वायरही तळालाच लागते, म्हणून फोन आधीच चार्ज करून ठेवायचा, कॉलमध्ये वायर नको.

उंचीसाठी जेवणाच्या टेबलावर पाच किलोचा तांदळाचा डबा, त्यावर स्टँड. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आला. फोन खाली असला की मुलांना आजींची हनुवटी आणि छताचा पंखा दिसतो. अंतर एक हात: आजींनी हात लांब केला की बोट बटणाला टेकेल इतकं.

वायफायचा राउटर आतल्या खोलीत, मधे दोन जाड भिंती. याच टेबलावर दहा मिनिटांचा कॉल करून पाहिला, चित्र दोनदा पुसट झालं. राउटर हलवण्यापेक्षा टेबल आतल्या दाराच्या रेषेत दीड फूट सरकवलं, मग नाही झालं. मोबाइल डेटाही चालू ठेवला आहे. वीज गेली तर राउटर बंद पडतो, पण फोन काही सेकंदांत डेटावर जातो आणि कॉल बहुधा टिकतो.

मंगळवार, २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

सराव नाही. संध्याकाळी फटाक्यांत रिंगसुद्धा ऐकू येत नाही. कॉल दिवाळीतच ठेवावा असं मुलाचं म्हणणं होतं, पण या फटाक्यांमुळेच आम्ही दिवाळीनंतरची २६ तारीख आग्रहाने धरली.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आजची नोंद पलीकडच्या घरासाठी. मुलाशी अर्धा तास बोललो. पहिल्या कॉलची निम्मी गडबड तिकडूनच होते.

फोन चार वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायचा नाही. तो घेऊन पळतो, चित्र गरगरतं, आणि आजींना खरोखर चक्कर येते. तिकडेही फोन टेकवून ठेवायचा आणि दोन्ही मुलं सोफ्यावर शेजारी शेजारी. कॉल एकाच फोनवरून. तुटला तर परत लावायचं काम फक्त मुलाचं, आजींनी काही करायचं नाही. दोघांनी एकदम लावला की दोघांनाही लाइन व्यस्त दिसते. पडद्यावर `Reconnecting` आलं तर गप्प बसून वाट पाहायची.

आता ‘हॅलो’. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज जरा उशिरा पोचतो. आजी हॅलो म्हणतात, उत्तर लगेच येत नाही, म्हणून त्या मोठ्याने पुन्हा हॅलो म्हणतात, तेवढ्यात पहिल्याचं उत्तर येऊन त्यावर आदळतं. साध्या फोनची ही सवय आहे, ओरडून मोडत नाही. त्यावर उपाय हात. कॉल लागला की आजींनी हात हलवायचा आणि मुलांचा हात हललेला दिसेपर्यंत बोलायचं नाही. मग पहिला शब्द नातीचा: "आजी!" त्यानंतर आजी. दोघींना हे आधी सांगून ठेवलं आहे.

आजींनाही एक गोष्ट सांगितली. "काय करतोस?" विचारलं की चार वर्षांचं मूल "काही नाही" म्हणतं आणि गप्प बसतं. "दाखव" म्हटलं की धावत जाऊन काहीतरी आणतं. नातवाने घरी कागदाचा आकाशकंदील केला आहे, तो दाखवायला सांगायचा. आजी चकलीचा सोऱ्या दाखवणार, तो टेबलावर उजव्या हाताशी ठेवला आहे. कॅमेऱ्यापासून वीतभर लांब धरायचा, अगदी जवळ नेला की पुसट होतो.

रविवार, २६ ऑक्टोबर

पाच पन्नासला फोन स्टँडवर, पडदा काळा. ट्यूबलाइट चालू, पंखा दोनवर, टीव्ही बंद. आजींनी नवी साडी नेसली होती. सहाला रिंग आली, तिकडे सकाळचे साडेआठ. पहिल्या ओढीला बोट हिरव्याच्या बाजूला पडलं, रिंग चालू राहिली. रुमालाला बोट लावलं, पुन्हा ओढलं, चित्र आलं.

सरावात न आलेल्या तीन गोष्टी घडल्या.

नात "आजी!" म्हणाली त्याबरोबर आजींनी स्टँडवरून फोन उचलला आणि कानाला लावला. इतक्या वर्षांची सवय, आणि आवाज ओळखीचा. मुलांना कान दिसला, आणि गाल लागून माइक बंद झाला. आम्ही आतच थांबलो. मुलगा तिकडून म्हणाला, "आई, फोन डब्यावर ठेव, आम्ही तुला दिसतोय." त्यांनी ठेवला. पण माइक बंदच होता, आजींचे ओठ हलत होते आणि तिकडे शांतता. अशा वेळी तिकडच्या पडद्यावर माइकवर आडवी रेघ असलेलं चित्र दिसतं, मुलाला ते माहीत होतं. इथे मात्र एकदा आत जावंच लागलं: पडद्यावर एक टिचकी, मग माइकचं बटण. फोनला हात न लावण्याचा आमचा नियम मोडला तो एवढाच. पुढच्या वेळी फोन स्टँडला रुंद रबरबँडने बांधायचा, म्हणजे उचलताच येणार नाही. रबर तळाच्या आणि कॅमेऱ्याच्या वाटेत येऊ द्यायचं नाही.

दुसरी गोष्ट, कोपऱ्यातलं छोटं चित्र. आजींना तिथे कुणी बाई बसलेली दिसली, त्या पदर सारखा करत तिच्याकडेच बघत राहिल्या. हे आधी सांगायला हवं होतं. सरावाचे सगळे कॉल उचलून लगेच ठेवले होते, म्हणून ते चित्र त्यांनी कधी निवांत पाहिलंच नव्हतं. सराव दोन मिनिटांचा तरी हवा.

तिसरी गोष्ट नातवाने कंदील दाखवला तेव्हाची. आजींनी हात पुढे केला आणि पडद्यावरच त्याच्या गालावरून बोटं फिरवली. पडद्याला स्पर्श झाला की लपलेली बटणं वर येतात, त्यात लाल बटण असतं. दुसरा स्पर्श लालवर पडला असता तर कॉल बंद. पडला नाही. मग त्यांनी तीच बोटं स्वतःच्या कानशिलावर नेऊन कडाकडा मोडली, आणि तिकडे नातवाने विचारलं, "आजी, तो साउंड कसला?" आजींनी पुन्हा मोडून दाखवली. तोही आपली बोटं कानाशी नेऊन तोंडाने कड्‌कड् करू लागला. पडद्याला हात लावू नका असं आजींना सांगणार नाही आहोत. फोन अर्धा हात मागे सरकवायचा, उचलण्यापुरतं पुढे वाकायचं आणि मग टेकून बसायचं. बोटं मोडायला अंतर लागत नाही.

कॉल १४ मिनिटं चालला. शेवटी मुलानेच बंद केला. आजींना बंद करायला शिकवलेलं नाही आणि त्याची घाई नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर

रबरबँड लावला. टेबलावर फोनच्या नव्या जागेभोवती खडूने चौकोन काढला. बाईने पुसलं की जाईल, म्हणून नंतर रंगीत चिकटपट्टी लावली. चार मिनिटांचा सराव कॉल घेतला, छोट्या चित्रातली बाई म्हणजे आपणच हे आजींनी हात हलवून स्वतः पडताळून पाहिलं.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर २ नोव्हेंबरच्या चौकोनात ‘मुलं ७ वाजता’ लिहिलं, सहा नाही. अमेरिकेतली घड्याळं त्या रविवारी पहाटे एक तास मागे जातात. तिकडचे सकाळचे साडेआठ म्हणजे इथले संध्याकाळचे सहा हा हिशेब १ तारखेपर्यंतच चालतो, २ तारखेपासून सात. हे सांगितलं नसतं तर आजी सहापासून काळ्या पडद्यासमोर तासभर बसून राहिल्या असत्या. ८ मार्च २०२६ ला ती पुन्हा पुढे जातील, तेव्हा परत सहा.

रविवार, २ नोव्हेंबर

सात वाजता रिंग, पहिल्याच ओढीला उचलला. आम्ही जिन्यात होतो. आतून नातीचा आवाज आला, मग क्षणभर काही नाही, आजी हात हलवत असणार, मग आजींचा, न ओरडता: "अगं, केस किती वाढलेत तुझे!"